पाळी चालू आहे, मग झोप कुठे गेली?

समजा, पंचेचाळिशीतल्या एक शिक्षिका आहेत. पाळी दर महिन्याला येते, फक्त अठ्ठावीसऐवजी चोवीस-पंचवीस दिवसांनी. पण पाळीच्या आधीच्या आठवड्यात रात्री दोन-अडीचला त्यांना टक्क जाग येते. वर्षभराने पाळी दोन-दोन महिने लांबू लागते आणि आता जागेसोबत घामही येतो. छातीतून गरम लाट उठते, मान आणि चेहरा तापतो, गाऊन भिजतो. काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग थंडी वाजते म्हणून पांघरूण पुन्हा ओढावं लागतं. घरचे म्हणतात, मुलीच्या बारावीचं टेन्शन आहे. दवाखान्यातही ऐकायला मिळतं, ‘पाळी येतेय ना, मग अजून वेळ आहे.’ हे उत्तर मला फार खटकतं, कारण पाळी थांबण्याच्या कितीतरी आधीपासून झोप बिघडू शकते.

या वयात बहुधा आधी प्रोजेस्टेरॉन कमी पडतं. ते मुख्यतः बीज सुटल्यानंतरच, बीजकोशात मागे उरलेल्या पीतपिंडातून तयार होतं. चाळिशीनंतर काही महिने बीज सुटतच नाही. रक्तस्राव मात्र होतो, म्हणून पाळी नेहमीसारखीच वाटते. शरीरात प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं. मेंदूला शांत करणाऱ्या ज्या ग्राहकांवर झोपेच्या काही गोळ्या काम करतात, त्याच ग्राहकांवर तेही काम करतं. ते कमी झालं की झोप उथळ होते आणि बारीकशा आवाजानेही मोडते. ज्या महिन्यात बीज सुटतं, त्या महिन्यातही पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. शिक्षिकाबाईंना नेमका तोच आठवडा जड जात होता.

घामाचं मूळ इस्ट्रोजेनमध्ये आहे. ते एका सरळ रेषेत उतरत नाही. कधी नेहमीपेक्षा वर उसळतं, कधी एकदम कोसळतं, आणि शेवटी खालीच राहतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशींवर त्याचा लगाम असतो. तो सुटला की त्या पेशी अतिउत्तेजित होतात आणि शेजारच्या, शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला चुकीचे इशारे देतात. एरवी शरीराचं आतलं तापमान किंचित वर-खाली झालं तरी घाम येत नाही, कापरंही भरत नाही. ही मोकळी जागा आता जवळजवळ उरत नाही. दुलईखाली अंशाच्या छोट्याशा भागाने ताप वाढला, तरी मेंदू कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतो आणि घाम सोडतो.

घामाने जाग आली असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा जाग आधी येते आणि घाम क्षणभराने फुटतो. मेंदूतली एकच खळबळ दोन्ही घडवते. म्हणून पंखा वाढवला, सुती कपडे घातले, तर ओलेपणाचा त्रास कमी होतो, जाग मात्र पूर्ण थांबत नाही.

अशा वेळी दोन-तीन महिने वहीत पाळीची तारीख, जाग आल्याची वेळ आणि अंग कोरडं होतं की ओलं, एवढं लिहावं. पंचेचाळिशीनंतर एकदाच केलेल्या हार्मोनच्या रक्ततपासणीपेक्षा ही वही डॉक्टरांना बहुधा जास्त सांगते, कारण ते आकडे आठवड्यागणिक बदलतात. घामाबरोबर ताप, खोकला किंवा वजनात घट असेल तर आपल्याकडे क्षयरोगाची तपासणी आधी व्हायला हवी. थायरॉइड, मधुमेहाच्या औषधांनी रात्री उतरणारी साखर आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांमुळेही घाम येतो. घोरणं वाढलं असेल तर तेही सांगावं. प्रोजेस्टेरॉन श्वासालाही चालना देतं, त्यामुळे ते कमी झाल्यावर झोपेत श्वास अडण्याचा त्रास वाढू शकतो.

घाम आणि त्यामुळे मोडणाऱ्या झोपेवर सर्वांत प्रभावी उपचार इस्ट्रोजेनचा आहे. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा आजार असेल, तर तो सहसा देत नाहीत. अशा स्त्रियांसाठी बिगर-हार्मोन औषधं आहेत, आणि निद्रानाशासाठीची वर्तणूक-उपचार पद्धत तर बहुतेकींना वापरता येते. तिच्यात अंथरुणात जागं पडून राहण्याचा वेळ मुद्दाम कमी करतात. गर्भाशय शाबूत असेल, तर इस्ट्रोजेन एकटं देत नाहीत. त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि कर्करोगाचा धोका निर्माण होतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. त्याची तोंडाने घ्यायची कॅप्सूल डॉक्टर रात्री झोपतानाच घ्यायला सांगतात, कारण तिच्यापासूनही ॲलोप्रेग्नॅनोलोन बनतं आणि गुंगी येते.