नव्याण्णव मेंढ्यांची फिर्याद

कुराणाच्या ३८व्या सूरेत, म्हणजे ‘साद’ मध्ये, दाऊद नबींचा एक छोटासा प्रसंग आहे. ते आपल्या उपासनेच्या खोलीत असताना दोन माणसं भिंत चढून थेट आत उतरतात. दाऊद दचकतात. ‘घाबरू नका, आमच्यात तंटा आहे, न्याय करा,’ असं ते सांगतात. एकाची फिर्याद अशी, की या माझ्या भावाकडे ९९ मेंढ्या आहेत, माझ्याकडे एकच, आणि तीही हा मागतो आहे. दाऊद लगेच म्हणतात, त्यानं तुझ्यावर अन्याय केला. आणि त्याच क्षणी त्यांना उमगतं की ही आपलीच परीक्षा होती. ते क्षमा मागतात, नतमस्तक होतात आणि त्यांना क्षमा मिळते. प्रसंग इथे संपतो. कसली परीक्षा, कशाची क्षमा, याबद्दल कुराण काहीही सांगत नाही.

ज्यानं बायबल वाचलं आहे, त्याला मात्र राहवत नाही. मराठी बायबलातला दावीद राजा गच्चीवरून स्नान करणारी बथशेबा पाहतो, तिला बोलावून घेतो आणि तिचा नवरा उरीया याला लढाईच्या ऐन तोंडावर पाठवून मारवतो. मग नाथान संदेष्टा येऊन श्रीमंत माणसाच्या कळपांची आणि गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. मेंढ्यांचा धागा दोन्हीकडे असल्यानं कुराणातली मोकळी जागा या कथेनं भरण्याचा मोह होणं स्वाभाविक होतं. कुराणाच्या टीकेत, म्हणजे तफसीरमध्ये, यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेतून अशा आलेल्या कथांना ‘इस्राईलियात’ म्हणतात.

या कथा आल्या माणसांच्या तोंडून. येमेनचे यहुदी पंडित काब अल-अहबार इस्लाम स्वीकारून मदिनेत आले. सनाचे वहब इब्न मुनब्बिह तर जुन्या नबींच्या कथांसाठीच ओळखले जात. मशिदीतून कथा सांगणारे ‘कुस्सास’ लोकांना धरून ठेवत, कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तसे. श्रोत्यांना प्रश्न पडत: गुहेत झोपलेल्या तरुणांची नावं काय होती, त्यांच्या कुत्र्याचा रंग कोणता, मूसांची काठी कोणत्या झाडाची? उत्तरं जुन्या ग्रंथांच्या जाणकारांकडे असत.

प्रेषितांची शिकवण याबाबत एका सुरातली नाही. बुखारींच्या हदीससंग्रहात एका ठिकाणी ते म्हणतात की बनी इस्राईलांकडचं सांगा, हरकत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणतात की ग्रंथधारकांवर विश्वासही ठेवू नका आणि त्यांना खोटंही ठरवू नका. पुढच्या साऱ्या वादाला या दोन विधानांमधली जागा पुरली.

बगदादचे तबरी (मृत्यू इ.स. ९२३) यांच्या अवाढव्य तफसीरमध्ये दाऊदांची कथा अनेक सनदींसह, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं याच्या साखळीसह, येते. सुद्दी नावाच्या जुन्या टीकाकाराकडून आलेलं रूप असं: इब्राहीम, इसहाक आणि याकूब यांच्यासारखी थोरवी आपल्यालाही मिळावी, असं दाऊदांना वाटतं. त्यांची परीक्षा झाली होती, असं उत्तर येतं, तेव्हा माझीही घ्या, असं ते म्हणतात. मग एके दिवशी खोलीत सोन्याचं कबूतर येतं. तो असतो सैतान. त्याला धरायला दाऊद पुढे होतात, ते उडतं आणि त्याच्यामागे गेलेली नजर स्नान करणाऱ्या स्त्रीवर पडते. तिच्या नवऱ्याला मोहिमांवर धाडलं जातं. तिसऱ्या खेपेला तो मारला जातो आणि दाऊद तिच्याशी लग्न करतात. त्यांच्या घरात आधीच ९९ बायका असतात. म्हणजे भिंत चढून आलेले ते दोघे देवदूत ठरतात, मेंढ्या म्हणजे बायका. पश्चात्तापाचे ४० दिवस दाऊद इतके रडतात की त्यांच्या आसवांवर गवत उगवतं.

कबूतर आणि गवत शमुवेलच्या पुस्तकात नाहीत. नाथानही इथे राहिलेला नाही. टीकाकारांच्या हाती पोहोचला तो बायबलचा उतारा नव्हता. कितीतरी तोंडांतून फिरून वाढलेली गोष्ट होती ती. तबरींनी ती निमूटपणे दिली. आपल्या इतिहासग्रंथाच्या प्रस्तावनेत ते बजावतातच की विचित्र वाटणारं काही आढळलं तर ते सांगणाऱ्यांकडून आलेलं आहे, आम्ही पोहोचलं तसं पोहोचवलं.

आक्षेप मात्र जोरदार आले. अलींच्या नावे एक वचन सांगितलं जातं की दाऊदांची कथा जो या कुस्सासांसारखी सांगेल त्याला १६० फटके मारीन. बदनामीची शिक्षा ८०. नबीच्या बदनामीला दुप्पट. जमख्शरी (मृत्यू ११४४) हे वचन नोंदवतात. त्यांच्या मते फार तर इतकंच घडलं असेल की दाऊदांनी दुसऱ्याची बायको किंवा वाग्दत्त वधू मागितली. त्यानंतरचे फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) तर सनदीवर थांबतच नाहीत. ते आजूबाजूच्या आयती वाचतात. प्रसंगाच्या आधी दाऊदांच्या शक्तीची, भक्तीची, शहाणपणाची स्तुती आहे; प्रसंगानंतर लगेच त्यांना पृथ्वीवर प्रतिनिधी केल्याचं सांगितलं आहे. मधोमध व्यभिचार आणि खून कसा बसेल? मग क्षमा कशाची? एक उत्तर असं, की एकाच पक्षाचं ऐकून निकाल दिला त्याची. मला हे उत्तर मजकुराशी सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण दुसऱ्या माणसाचं बोलणं कुराणात खरोखरच नाही.

राझींनंतर दीड शतकानं दमास्कसचे इब्न कसीर (मृत्यू १३७३) या जागी येऊन कथा सांगायचंच नाकारतात. ती बहुतेक इस्राईलियातमधून आलेली आहे, असं ते लिहितात. प्रेषितांपर्यंत नेणारी एक हदीस सांगितली जाते खरी, पण तिच्या साखळीत यझीद अर-रकाशी आहेत: माणूस धार्मिक, पण हदीस सांगण्यात कच्चे. तेव्हा आयत जशी आहे तशी वाचावी आणि बाकीचं ईश्वरावर सोडावं.

त्यांचे गुरू इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी अशा कथांचे तीन वर्ग केले होते. कुराण-हदीसशी जुळणाऱ्या खऱ्या, विरोधी जाणाऱ्या खोट्या आणि ज्यांबद्दल आपल्याकडे काहीच नाही अशा. तिसऱ्या वर्गातल्या सांगायला हरकत नाही, पण त्यांवर श्रद्धा उभी करायची नाही. कुत्र्याचा रंग आणि काठीचं लाकूड त्यांनी याच वर्गात टाकलं आणि त्यातून धर्माला काही लाभ नाही, असंही म्हटलं. व्यवहारात इथेच फरक दिसतो. स्वतः इब्न कसीर अशा कितीतरी कथा देतात आणि खाली शेरा मारून पुढे जातात. त्या कथांच्या साखळ्याही काही दाऊदांच्या कथेपेक्षा भक्कम नसतात. पण कुत्रा कोणत्याही रंगाचा असला तरी कोणाचं काही बिघडत नाही. नबीवर व्यभिचार आला तर पापापासून नबी सुरक्षित असतात, हा सिद्धान्तच हलतो. कडक निकालाला सनद लागतेच, पण तो कुठे लावायचा हे आशय ठरवतो.

आणखी एक वाट होतीच, आणि ती कैरोत १५व्या शतकात बिकाई नावाच्या टीकाकारानं धरली. ऐकीव गोष्टी नकोत, तर मूळ ग्रंथच उघडा, असं म्हणून त्यांनी आपल्या तफसीरमध्ये बायबलचे लांबच लांब उतारे घेतले. गदारोळ उठला. बिकाईंनी बचावासाठी वेगळा ग्रंथ लिहिला आणि त्यांचे समकालीन सखावी यांनी बायबलमधून उतारे घेणं निषिद्धच आहे हे दाखवायला दुसरा.