शेती आली आणि माणसाची उंची घटली! पुरावा आपल्याच महाराष्ट्रातल्या हाडांमध्ये

अमरावती जिल्ह्यात चांदूरबाजार तालुक्यात तुळजापूर गढी नावाचं गाव आहे. 1984-85 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. म्हणजे आज अकोला-अमरावतीच्या ज्या काळ्या मातीत कापूस आणि तूर उभी असते, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी पेरणी करत होतं.

आपल्याला वाटतं की शेती आली, पोटभर अन्न मिळू लागलं आणि माणूस धडधाकट झाला. हाडं मात्र वेगळंच सांगतात. जगात बऱ्याच ठिकाणी पहिले शेतकरी त्यांच्या आधीच्या शिकाऱ्यांपेक्षा बुटके होते. ग्रीस आणि तुर्कस्तानातल्या सांगाड्यांवरून जे. लॉरेन्स एंजेल यांनी काढलेला हिशोब प्रसिद्ध आहे. हिमयुगाच्या शेवटी तिथल्या पुरुषांची सरासरी उंची सुमारे 5 फूट 9 इंच होती. इसवी सन पूर्व 3000 पर्यंत ती 5 फूट 3 इंचांवर आली.

आता तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाची उंची कळते कशी? सांगाडा सबंध क्वचितच मिळतो. त्यामुळे मांडीचं हाड मोजतात, कारण शरीरातलं हे सर्वात लांब हाड आणि एकूण उंची यांचं प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं. ट्रॉटर आणि ग्लेसर यांचं 1952 चं एक सूत्र आहे. त्यात पुरुषाच्या मांडीच्या हाडाची सेंटीमीटरमधली लांबी 2.38 ने गुणायची आणि त्यात 61.41 मिळवायचे. हाड 45 सेंटीमीटरचं असेल तर उंची येते साधारण 168.5, आणि 42 चं असेल तर 161.4. हाडात तीन सेंटीमीटरचा फरक पडला की माणूस सात सेंटीमीटरने कमी होतो.

एक गोम आहे. हे सूत्र गोऱ्या अमेरिकन लोकांच्या हाडांवरून बनलं आणि त्यातही तीनेक सेंटीमीटर इकडेतिकडे होतातच. ज्यांचे पाय धडाच्या मानाने लांब, त्यांची उंची त्यात फुगून येते. उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यात सराय नाहर राय इथे शिकारी लोकांचे सांगाडे मिळाले. तिथल्या पुरुषांची उंची 174 ते 192 सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या वर ते सव्वासहा फुटांपर्यंत सांगितली जाते. लोक दणकट आणि उंच होते हे खरं, पण मोजता येण्याजोगे सांगाडे मोजकेच आहेत. त्यामुळे वरचा आकडा जरा हात राखूनच घ्यावा.

महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल सर्वात जास्त सांगणारी जागा म्हणजे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचं इनामगाव. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने ते खोदलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सन पूर्व 1600 ते 700 अशी नऊशे वर्षांची ही वस्ती. इथले लोक जवस... नाही, जव पिकवत, म्हणजे आपण सातू म्हणतो ते धान्य. त्याच्यासोबत गहू, मसूर, कुळीथ होतेच. पाण्यासाठी त्यांनी पाटसुद्धा काढला होता.

इनामगावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली आणि त्यातली बहुतेक लहान मुलांची होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत लेकरू आणि वर घराची जमीन. मोठ्यांना सरळ निजवून पुरत, पण घोट्याखालची पावलं तोडून टाकत. उंचीच्या हिशोबाला त्याने फरक पडत नाही, कारण मांडीचं हाड जागेवरच असतं.

पण फक्त उंची पाहून कारण कळत नाही, कारण बुटकेपणा आनुवंशिकही असू शकतो. म्हणून अभ्यासक दात बघतात. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या दातांचा बारकाईने अभ्यास केला. दाताचं कवच म्हणजे इनॅमल लहानपणी थराथराने तयार होतं. मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की ते काम मंदावतं आणि तिथे बारीक रेघ किंवा खड्डा राहतो. हाड नंतर स्वतःला दुरुस्त करतं, इनॅमल मात्र करत नाही. त्यामुळे दोन वर्षांच्या वयातली उपासमार चाळिसाव्या वर्षीही दातात वाचता येते.

आनुवंशिकतेचा प्रश्न 2022 मध्ये एका वेगळ्या मार्गाने तपासला गेला. स्टेफनी मार्सिनियाक आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या 167 प्राचीन व्यक्तींचा डीएनए आणि हाडं एकत्र पाहिली. डीएनएवरून किती उंची अपेक्षित होती आणि हाडांवरून प्रत्यक्षात किती निघते, अशी तुलना केली. सुरुवातीचे शेतकरी अपेक्षेपेक्षा सरासरी 3.82 सेंटीमीटरने कमी भरले. म्हणजे त्यांच्यात उंच होण्याची क्षमता होती, पण वाढीच्या वयात काहीतरी कमी पडलं.

काय कमी पडलं? शिकारी-संग्राहक माणूस कंदमुळं, फळं, मासे, मांस, मध असं काय काय खायचा. शेतकरी एकदोन धान्यांवर आला. धान्याने पोट भरतं, पण त्यातला फायटेट नावाचा घटक लोह आणि जस्त शरीरात नीट शोषू देत नाही, आणि जस्ताशिवाय वाढ अडते. एका जागी वस्ती झाल्यावर सांडपाणी, उकिरडा आणि गुरं दाराशीच आली, त्यामुळे जंत आणि हगवण वाढली. शिवाय पेजेवर मूल लवकर तोडता येऊ लागलं, त्यामुळे आईला पुढचं बाळंतपणही लवकर. आजारी लेकराचं शरीर आधी जीव वाचवतं, उंची नंतर बघतं. पुढे चांगलं खायला मिळालं तर मागचं थोडं भरून निघतं. नाही मिळालं तर ते मूल आयुष्यभर बुटकंच राहतं.

मग लोकांनी शेती सोडली का नाही? कारण मुलं जास्त होत होती, धान्य साठवता येत होतं, आणि एवढ्या तोंडांना नुसत्या शिकारीवर पोसणं शक्य नव्हतं.

इनामगावात पुढे उलटंही घडलं. इसवी सन पूर्व 1000 नंतर शेती खालावली, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचा भर वाढला. मग तब्येती सुधारल्या असतील असं वाटतं. पण ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांची हाडं तपासली, तर शेवटच्या काळातली लेकरं वयाच्या मानाने लहान आणि कृश निघाली. मजबुरीने शिकारीकडे वळणं आणि आधीपासून शिकारी असणं यात एवढा फरक आहे.

यालाच आजच्या अंगणवाडीच्या भाषेत वाढ खुंटणं म्हणतात. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे अंगणवाडी सेविका दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं निजवून लांबी मोजतात आणि वयाच्या तक्त्याशी ताडून पाहतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची साधारण 35 टक्के मुलं या तक्त्यात खाली निघाली. कारणंही ओळखीचीच: एकसुरी जेवण, वारंवारची हगवण आणि पाठोपाठची बाळंतपणं.