तांबं कुठे, जस्त कुठे?

हर्बर्टस्मिथाइट हे तांबं, जस्त, क्लोरिन आणि हायड्रॉक्सिल यांचं हिरवट खनिज. त्यात तांब्याचे अणू सपाट जाळीत बसलेले असतात. जाळीची वीण म्हणजे कोपऱ्याला कोपरा जोडलेले त्रिकोण. दोन जाळ्यांमधल्या जागा जस्ताच्या, निदान कागदावर तरी.

तांब्याचा प्रत्येक आयन इवलासा चुंबक असतो. शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसायची त्याची ओढ. पण त्रिकोणात तिघांना ते एकाच वेळी जमत नाही. त्यामुळे कितीही थंड केलं तरी हे चुंबक शिस्तीत लागत नाहीत. भौतिकशास्त्रज्ञांना कुतूहल आहे ते याचंच. जस्त चुंबक नव्हे. ते जाळीत शिरलं तर जाळीला भोकं पडतात. उलट तांबं मधल्या जागेत गेलं तर ते भटके चुंबक मोजमापं गढूळ करतात. रासायनिक पृथक्करणातून प्रमाण कळतं, पत्ता कळत नाही.

पत्ता सांगतात क्ष-किरण. पण ते विखुरतात इलेक्ट्रॉनांमुळे, आणि इथे तांब्याच्या आयनात २७ इलेक्ट्रॉन, जस्ताच्या आयनात २८. एवढा फरक अणूंच्या थरथरीचा अंदाज जरा चुकला तरी झाकला जातो.

यावरची युक्ती म्हणजे किरणांची ऊर्जा बदलणं. तांब्याच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे ८,९८० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ही त्याची शोषण-सीमा. जस्ताची ९,६६० च्या आसपास. सिंक्रोट्रॉनमधून हवी ती ऊर्जा निवडता येते. ती तांब्याच्या सीमेच्या किंचित खाली आणली, की आतले इलेक्ट्रॉन बाकीच्यांशी ताल सोडून हलतात आणि विखुरणं घटतं. तांबं जणू २० इलेक्ट्रॉनांचं भासतं. जस्ताची सीमा दूर असल्याने ते २६ च्या आसपास राहतं. एकाचा फरक सहाचा झाला! मग तोच स्फटिक, तीच परावर्तनं, फक्त ऊर्जा बदलून पुन्हा मोजायची, जस्ताच्या सीमेजवळही. ज्या जागेचं वजन तांब्याच्या सीमेजवळ ढासळतं, तिथे तांबं.

खरी डोकेदुखी सीमेच्या जागेची. आयनाची अवस्था आणि शेजार यांनुसार ती काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट सरकते, आणि तेवढ्यात घट बरीच बदलते. सुट्या अणूसाठी केलेले तक्ते इथे फसवतात. म्हणून आधी त्याच पदार्थाचं शोषण ऊर्जेगणिक मोजतात आणि त्यावरून घट काढतात. शिवाय सीमा ओलांडली की तांबं स्वतःच चमकू लागतं आणि पार्श्वभूमीचा गोंगाट एकदम वाढतो. त्यावरून सीमा ओलांडल्याचं लगेच कळतं.

२०१० साली डॅना फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हर्बर्टस्मिथाइटवर हे केलं. मधल्या जागांपैकी सुमारे १५ टक्के तांब्याने बळकावलेल्या निघाल्या. जाळीत मात्र जस्त सापडलं नाही. अर्थात एखाद-दोन टक्के तिथे असतीलच, तर ते मोजणीच्या त्रुटीतच लपतील.