‘पाणी’च्या जागी à¤ª कुठून आलं?

बंगळुरूत राहणारी, घरी कन्नड बोलणारी एक मुलगी मराठी शिकते आहे. तिच्या शिक्षिकेने तिला शंभरेक शब्दांची यादी सीएसव्ही फाइल करून पाठवली: एका स्तंभात मराठी शब्द, शेजारी इंग्रजी अर्थ. मुलीने फाइलवर डबल क्लिक केलं, एक्सेल उघडलं आणि पहिल्या ओळीत ‘पाणी’ऐवजी हे दिसलं:

```
पाणी,water
```

‘ताई, माझ्याकडे मराठी फॉण्ट नाही वाटतं,’ असा तिचा निरोप गेला. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण इथे फॉण्टचा काही दोष नाही. फॉण्ट नसला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. इथे तर नीट घडवलेली, फक्त भलतीच अक्षरं दिसताहेत. शिवाय त्याच लॅपटॉपवर ती मराठी बातम्या रोज वाचते. विंडोजमध्ये ‘निर्मला यूआय’ हा देवनागरी येणारा फॉण्ट मुळातच असतो. नवा फॉण्ट टाकून तिने अर्धा तास घालवला असता, तरी à¤ª तसंच राहिलं असतं. फार तर थोडं वळणदार झालं असतं.

दुसरा संशय एन्कोडिंगवर जातो. फाइलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. लिहिणाऱ्याने एक तक्ता वापरला आणि उघडणाऱ्याने दुसरा, की असा गोंधळ होतो. शिक्षिकेची फाइल यूटीएफ-८ या तक्त्याप्रमाणे लिहिलेली आहे. एक्सेलला मात्र फाइलच्या सुरुवातीला तशी खूण सापडली नाही, म्हणून त्याने विंडोजचा जुना, पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा १२५२ क्रमांकाचा तक्ता लावला. निदान असा संशय आहे. तो खरा की खोटा, हे तपासता येतं.

यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी ही इथे स्वतंत्र चिन्हं असतात. म्हणजे ‘पाणी’ची चिन्हं चार: प, काना, ण, दीर्घ वेलांटी. बाइट झाले बारा. आता पडद्यावरचा कचरा मोजा: तोही बाराच. १२५२चा तक्ता एका बाइटला एक अक्षर देतो, त्यामुळे हिशेब चोख बसतो.

त्याहून बोलका पुरावा पुनरावृत्तीचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी सगळी एकाच आळीत राहते, म्हणून तिच्या तीन बाइटांपैकी पहिला कायम `E0` असतो आणि दुसरा `A4` किंवा `A5`. जुन्या तक्त्यात `E0` म्हणजे à, `A4` म्हणजे ¤ आणि `A5` म्हणजे ¥. म्हणून बिघडलेल्या मराठी मजकुरात दर तिसऱ्या जागी à येतो आणि त्याच्या मागे ¤ किंवा ¥ असतोच. एकदा हे वळण डोळ्यांत बसलं, की लांबूनही ओळखू येतं. शेजारचा water शाबूत कसा, याचंही उत्तर इथेच मिळतं. साध्या इंग्रजी अक्षरांचे आकडे दोन्ही तक्त्यांत सारखेच आहेत. मराठी स्तंभ मोडलेला आणि इंग्रजी धडधाकट, ही एन्कोडिंगच्या चुकीची ठळक खूण आहे.

तरी खात्री करायची तर फाइलच्या पोटात डोकवावं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये फाइल असलेल्या फोल्डरमधून ही आज्ञा द्यायची:

```
Format-Hex .\shabda.csv
```

पहिल्या ओळीची सुरुवात अशी आली पाहिजे:

```
E0 A4 AA E0 A4 BE E0 A4 A3 E0 A5 80
```

तीन-तीनचे चार गट: प, काना, ण, वेलांटी. फाइल निरोगी आहे, चुकला तो वाचणारा. आज्ञा देण्याची धास्ती वाटत असेल, तर तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. ‘पाणी’ स्वच्छ दिसलं की निदान तेच. इलाजही सोपा आहे. एक्सेलमध्ये डबल क्लिकने न जाता Data मधल्या From Text/CSV ने फाइल घ्यायची आणि File Origin मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडायचं.

पण प्रत्येक वेळी `E0 A4` सापडेलच असं नाही. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि पोटातही `3F 3F 3F 3F` असेल, तर फाइल कुणीतरी जुन्या तक्त्यात साठवलेली आहे. त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह झालं. मजकूर गेला, शिक्षिकेकडून मूळ फाइल पुन्हा मागवण्याला पर्याय नाही.

‘मराठी’च्या जागी `ejkBh` दिसलं, तर प्रकरण आणखी वेगळं. हा कृतिदेव फॉण्टचा मजकूर. तिथे फाइलमध्ये खरोखरच e, j, k ही इंग्रजी अक्षरं असतात. फक्त फॉण्टने e ला ‘म’चं आणि j ला ‘र’चं रूप दिलेलं असतं. डीटीपीच्या दुकानातून आलेल्या जुन्या फाइलींत हा प्रकार हमखास भेटतो. एन्कोडिंग कितीही बदला, `ejkBh` हलत नाही. फॉण्टचा संशय इथे मात्र खरा ठरतो, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणायला त्या फॉण्टचा कन्व्हर्टर लागतो.

सगळ्यात चकवणारा प्रकार मुलीच्याच हातून घडू शकतो. बिघडलेला मजकूर दिसत असताना तिने एक्सेलमध्ये ‘CSV UTF-8’ निवडून सेव्ह केलं, तर आता à आणि ¤ हीच फाइलमधली खरी अक्षरं होऊन बसतात. मग नोटपॅडही कचराच दाखवतं आणि फाइल मुळातच खराब आली असा समज होतो. पोटात पाहिलं की उलगडा होतो: `E0 A4` च्या जागी `C3 A0 C2 A4` दिसतं, म्हणजे एकदा झालेलं एन्कोडिंग दुसऱ्यांदा झालं.

पडद्यावरचा कचरा कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकून मराठी परत मिळवण्याचा मोहही अनेकांना होतो. ‘पाणी’ आणि ‘घर’ परत येतात, म्हणून विश्वास बसतो. ‘झाड’पाशी गाडी अडते. ‘झ’चा तिसरा बाइट `9D`, १२५२च्या तक्त्यात ती जागा रिकामी आहे. पहिला उकार, ‘ए’ आणि जोडाक्षरं जिच्यावर उभी आहेत ती हलन्तची खूण यांचंही तेच. ‘भ’चा शेवटचा बाइट तिथे न दिसणारी संयोगरेषा ठरतो, आणि ‘ठ’चा न तुटणारी मोकळी जागा. दिसत नाही ते कॉपी करताना गळतं किंवा बदलतं, आणि तीनचा गट मोडतो. ‘पुस्तक’ या एका शब्दात उकार आणि हलन्त दोन्ही आहेत. तो असा परत आणायला गेलं, तर दोन ठिकाणी भोकं पडू शकतात.

त्या मुलीने नशिबाने काहीच सेव्ह केलं नव्हतं. निरोपाला जोडलेली मूळ फाइल तिने पुन्हा उतरवून घेतली, From Text/CSV ने आत आणली, आणि यादीतलं ‘झाड’ झासकट दिसलं.