फोटो खरा होता, तरी स्टॉलचे १८,००० रुपये का बुडाले?

प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा की नाही, यावर आपला व्हिडिओ झाला. त्यात एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला, तो आज सविस्तर सांगतो.

आपल्या बॅचमधल्या एक ताई घरगुती मसाले विकतात. एका आयोजकाने त्यांना मागच्या वर्षीच्या प्रदर्शनाचा फोटो पाठवला. मुंगी शिरायला जागा नाही एवढी गर्दी! ताई सावध आहेत. त्यांनी गूगल लेन्सवर शोधलं, फोटो दुसरीकडे कुठेच नव्हता. मूळ फाइल मागवून तारीख पाहिली, ती बरोबर निघाली. जाणकार भाच्याला दाखवला, तो म्हणाला, एडिटिंग काहीच नाही. मग १८,००० रुपये भरून तीन दिवसांचा स्टॉल घेतला. आणि तिन्ही दिवस त्यांच्या गल्लीत माणसं मोजता येतील इतकीच आली.

फोटो खोटा होता का? अजिबात नाही. गंमत इथेच आहे. ताईंनी केलेल्या सगळ्या तपासण्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: फोटो त्याच तारखेचा, मूळ आणि न बदललेला आहे का? पण कॅमेरा कुठे उभा होता आणि कुणाकडे पाठ करून होता, हे त्या तपासण्यांना विचारताच येत नाही.

एक प्रयोग घरीच करून बघा. टेबलावर सारख्या उंचीच्या दोन बाटल्या एकामागे एक, दोन फुटांच्या अंतरावर ठेवा. मागची थोडी बाजूला सरकवा, म्हणजे दोन्ही दिसतील. पहिल्या बाटलीपासून दोन फुटांवरून फोटो काढा. मागची बाटली कॅमेऱ्यापासून चार फुटांवर, म्हणजे दुप्पट लांब. त्यामुळे ती निम्मीच दिसेल आणि मधली मोकळी जागा लगेच कळेल. आता पहिल्या बाटलीपासून वीस फुटांवर जा आणि झूम करा. मागची बाटली आता बावीस फुटांवर आहे. ती पुढचीपेक्षा जेमतेम नऊ टक्के लहान दिसेल. दोघी जणू खेटून उभ्या! बाटल्या जागच्या हलल्या नाहीत, हललात तुम्ही.

माणसांच्या रांगेचंही हेच होतं. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, डेन्मार्कच्या रिट्झाऊ स्कॅनपिक्स या वृत्तछायाचित्र संस्थेच्या छायाचित्रकारांनी हेच करून दाखवलं. कोपनहेगनमधल्या त्याच जागा, तीच माणसं. जवळून वाइड लेन्सने टिपली तर लोक अंतर ठेवून उभे दिसतात. लांबून टेलिफोटोने टिपली तर तेच लोक एकमेकांना चिकटलेले वाटतात. दोन्ही फोटो अस्सल, पण बघणाऱ्याचं मत मात्र उलट होतं.

आणि यासाठी महागडी लेन्सच लागते असं नाही. लांबून काढलेला साधा फोटो कडेने कापून मधला तुकडा मोठा केला, तरी तोच परिणाम मिळतो. वर कडेची रिकामी जागाही आपोआप गायब!

ताईंच्या फोटोत नेमकं हेच झालं होतं. तो लांबून, झूम करून, रविवारी संध्याकाळी सातला, गेटजवळच्या खाऊगल्लीचा काढला होता. ताईंचा स्टॉल होता मागच्या रांगेत. म्हणजे फोटो खरा, पण तो ताईंच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हता.

मग काय मागायचं? पहिलं, आपल्याला मिळणार त्याच गल्लीचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत काढलेला सलग व्हिडिओ. चालताना माणसांमधलं अंतर लपवता येत नाही. दुसरं, एका कामाच्या दिवशीचा दुपारचा फोटो आणि एक रविवार संध्याकाळचा. तिसरं, मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साध्या फोटोसारखी पाठवली तर वेळ आणि लेन्सची माहिती गळून जाते. फाइलच्या तपशिलात फोकल लेंग्थचा आकडा बघा. मोठ्या कॅमेऱ्याने काढलेला असेल आणि २०० मिमीच्या आसपास लिहिलं असेल, तर तो लांबून ओढून घेतलेला फोटो समजा. पण आकडा लहान आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण नंतर कापलेल्या फोटोत जुनाच आकडा राहू शकतो.

यातलं काहीच मिळालं नाही, तर मागच्या वर्षी त्याच रांगेत बसलेल्या दोन स्टॉलवाल्यांचे नंबर मागा. ताईंनी पुढच्या प्रदर्शनाआधी हेच केलं. पहिल्याच फोनवर समोरचा माणूस म्हणाला, “मागची रांग? ताई, गेटजवळ मिळत असेल तरच या.”