कोरड्या त्वचेला साबण कोणता?

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो, आणि सोबत ग्लिसरीनही तयार होतं. मोठ्या कारखान्यांत मिठाचं पाणी घालून ते वेगळं काढतात, कारण त्याला स्वतंत्र बाजार आहे. घरगुती पद्धतीच्या साबणात मात्र ते वडीतच राहतं. शिवाय चांगला कारागीर सोडा थोडा कमी घेतो, म्हणजे सुमारे पाच टक्के तेल साबण न होता उरतं. आंघोळीनंतर अंग कमी ओढतं ते यामुळे. पण ‘हातानं बनवलेला’ एवढ्यावर भुलू नये. नुसत्या खोबरेल तेलाच्या वडीला फेस भरपूर येतो, आणि ती कोरड्या त्वचेला चांगलीच सोलवटते. चार-सहा आठवडे मुरलेली, तेलांची नावं छापलेली वडी घ्यावी.

पारदर्शक ग्लिसरीन साबणात ग्लिसरीन वरून घालतात. त्यामुळे वेष्टनावरचा टीएफएमचा आकडा कमी दिसतो. कोरडेपणाच्या बाबतीत तो आकडा फारसा कामाचा नाही. ही वडी ओल्या साबणदाणीत लगेच विरघळते.

कडुनिंबाचं म्हणाल, तर तो ओलावा देत नाही. त्या साबणाचा गुण ठरतो मूळ तेलांवर.

खरा साबण कुठलाही असो, तो अल्कधर्मीच. त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, त्वचेचा पाचच्या आसपास. म्हणून हिवाळ्यात साबण काखा, जांघा, पावलांपुरता ठेवावा आणि अंग ओलसर असतानाच तेल लावावं. भेगांतून रक्त येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.