निळी पाने, गुलाबी पाने

हॉलिवूडमध्ये चित्रीकरणासाठी पक्की झालेली पटकथा पांढऱ्या कागदावर छापून सगळ्या विभागांना वाटली जाते आणि त्याच वेळी तिचे पान-क्रमांक व दृश्य-क्रमांक ‘लॉक’ केले जातात. त्यानंतर बदल झाला तर सगळी पटकथा पुन्हा छापत नाहीत, फक्त बदललेली पाने वेगळ्या रंगाच्या कागदावर येतात. सर्वसाधारण क्रम निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा, मग गोल्डनरॉड असा पुढे जातो. तो सगळीकडे सारखाच असतो असे नाही, म्हणून रंगाइतकीच नोंदवहीही लागते.

समजा, पान 42 वरच्या दृश्य 57 मध्ये दोन बहिणींचे संवाद आठ ओळींनी वाढले. मजकूर पानात मावत नाही, पण त्यासाठी पान 43 पुढे ढकलायचे नसते. उरलेला मजकूर 42-ए या नव्या पानावर जातो, भले ते अर्धे कोरे राहो. निळी पाने दोनच निघतात, 42 आणि 42-ए. प्रत्येकाच्या माथ्यावर रंग व तारीख असते आणि बदललेल्या ओळींसमोर उजव्या समासात फुली. पुढे दृश्य 58 गळले, तर त्याच्या क्रमांकापुढे ‘वगळले’ असे लिहितात. तो क्रमांक दुसऱ्या दृश्याला द्यायचा नाही, कारण वेळापत्रक, वेशभूषेच्या याद्या आणि क्लॅपबोर्ड हे सारे त्याच क्रमांकावर चालते.

नोंदवहीत प्रत्येक फेरीची एक ओळ असते: रंग, तारीख, बदललेली पाने, वगळलेली दृश्ये. मालिकांमध्ये हे काम बहुधा स्क्रिप्ट कोऑर्डिनेटर पाहतो. रंग आणि तारखांची यादी मुखपृष्ठावरही छापतात. पाने कोणाकोणाला पोचली, याची वेगळी यादी ठेवलेली बरी.

नवख्यांना वाटते की अद्ययावत प्रत एकाच रंगाची असायला हवी. खरे तर ती रंगीबेरंगीच असते. वरच्या उदाहरणात गुलाबी फेरीत फक्त पान 42 बदलले, तर ते गुलाबी होते आणि 42-ए निळेच राहते. गडबड होते ती जुने पान न काढता नवे खोचल्याने, किंवा मधली एखादी फेरी हातीच न आल्याने. मग एक नट जुने वाक्य म्हणतो आणि समोरचा नव्या वाक्याची वाट पाहत थांबतो. सेटवर जाण्यापूर्वी त्या दिवसाच्या पानांच्या माथ्यावरची तारीख नोंदवहीशी ताडली, तर हे टळते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा ठोकताळा अर्ध्या कोऱ्या पानांमुळे बिघडतो. बदल फार साचले की पूर्ण पटकथा एकाच रंगात नव्याने वाटतात, मात्र दृश्य-क्रमांक जुनेच ठेवतात. टॅबलेटवर वाचणाऱ्यांना रंगीत कागद मिळत नाही, तिथे माथ्यावरचे रंगाचे नाव आणि तारीख एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते.